हजार जणांना विचारलं, पण उत्तर किती जणांचं?

2016 ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक. बहुतेक जनमत चाचण्या हिलरी क्लिंटन यांना पुढे दाखवत होत्या. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया आणि लॉस एंजेलिस टाइम्स यांची रोज प्रसिद्ध होणारी चाचणी मात्र बराच काळ डोनाल्ड ट्रम्प यांना पुढे दाखवत राहिली. सुमारे तीन हजार लोकांचं ठरलेलं पॅनेल होतं आणि त्याच लोकांना पुन्हापुन्हा विचारलं जायचं. चाचणी घेणाऱ्यांनी आपला मूळ डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, हे त्यांचं मोठेपण. त्यामुळेच ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या नेट कोन यांना तो उघडून बघता आला.

त्यात त्यांना इलिनॉय राज्यातला एक 19 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण सापडला. तो ट्रम्प यांना मत देणार होता. एवढ्यात नवल काही नाही, तीन हजारांत असा एखादा असणारच. नवल होतं त्याला दिलेल्या वजनाचं. सरासरी माणसाचं मत एक धरलं तर या मुलाचं मत काही वेळा तीसच्या घरात मोजलं जात होतं. ज्याचं मत सगळ्यात कमी मोजलं जात होतं, त्याच्या तुलनेत तर तीनशे पट. तो एकटा ट्रम्प यांची आघाडी जवळपास एका टक्क्याने वाढवत होता. कृष्णवर्णीय मतदारांमधला ट्रम्प यांचा पाठिंबाही त्याच्या एकट्याच्या जोरावर दोन आकडी दिसत होता. मध्ये काही दिवस त्याने उत्तर दिलं नाही, तो आकड्यांतून गळला, आणि त्या चाचणीत महिनाभरात पहिल्यांदा क्लिंटन पुढे गेल्या.

यात कोणी लबाडी केलेली नव्हती. वजन देण्याची रीत जगभर सगळे चांगले सर्व्हे वापरतात. पण या रीतीची एक किंमत असते, आणि ती किती मोजली हे साध्या गणिताने काढता येतं. ते गणित हाच या लेखाचा विषय.

आधी वजन का देतात ते पाहू. समजा एका शहरात 1000 जणांना फोन करून एक हो-नाही प्रश्न विचारला. शहरात पुरुष आणि बायका निम्मे-निम्मे आहेत. पण फोन उचलणारे बहुतेक पुरुष निघाले, आणि आपल्याकडे 800 पुरुष आणि 200 बायकांची उत्तरं जमली. आता समजा शहरातले 40 टक्के पुरुष ‘हो’ म्हणतात आणि 60 टक्के बायका. खरं उत्तर 50 टक्के. आपण मात्र सगळ्यांची सरळ सरासरी काढली तर 44 च्या आसपास आकडा येईल, कारण पुरुषांचा आवाज चौपट मोठा आहे.

यावरचा उपाय सोपा आहे. लोकसंख्येत बायका 50 टक्के आणि नमुन्यात 20 टक्के, म्हणून प्रत्येक बाईच्या उत्तराला 50 भागिले 20, म्हणजे 2.5 इतकं वजन द्यायचं. पुरुष लोकसंख्येत 50 टक्के आणि नमुन्यात 80, म्हणून प्रत्येक पुरुषाला 0.625. सगळ्या वजनांची बेरीज पुन्हा 1000 च भरते, आणि सरासरी आता 50 च्या आसपास येते. सर्व्हेवाल्यांच्या भाषेत याला ‘वेटिंग’ म्हणतात, वजनाला ‘वेट’. मराठी पुस्तकांत ‘भार’ असा शब्द आहे. मी वजनच म्हणतो.

आता किमतीकडे येऊ. वजन दिल्यावर आपल्या उत्तराचा निम्मा भाग बायकांच्या मतावर उभा आहे. पण बायकांचं मत आपल्याला कळलंय फक्त 200 जणींकडून. वजन 2.5 केलं म्हणून 200 च्या 500 होत नाहीत. त्या 200 मध्ये योगायोगाने ‘हो’वाल्या थोड्या जास्त आल्या असतील, तर तो योगायोगही अडीच पट होऊन उत्तरात उतरतो. दुसऱ्या बाजूला 800 पुरुषांकडून भरपूर माहिती मिळाली होती, पण तिचा आवाज आपण कमी केला. जिथे माहिती थोडी तिथे जास्त भरवसा आणि जिथे भरपूर तिथे कमी, असा हा नाइलाजाचा सौदा आहे.

सौदा किती महाग पडला ते मोजण्याचं सूत्र लेस्ली किश यांच्या नावाने ओळखलं जातं. किश मूळचे हंगेरियन, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आयुष्यभर नमुना-पाहणीच्या शास्त्रावर काम केलं. 1965 मध्ये त्यांनी मांडलेल्या कल्पना आजही या क्षेत्राची रोजची भाषा आहेत. सूत्र असं:

```
n_eff = (Σw)² / Σw²
```

सगळ्या वजनांची बेरीज करा आणि तिचा वर्ग घ्या. मग प्रत्येक वजनाचा आधी वर्ग घेऊन त्या वर्गांची बेरीज करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. जो आकडा येईल तो प्रभावी नमुना, इंग्रजीत ज्याला ‘इफेक्टिव्ह सॅम्पल साइझ’ म्हणतात.

आपल्या शहरात करून बघू. वजनांची बेरीज 1000, तिचा वर्ग दहा लाख. वर्गांची बेरीज: 0.625 चा वर्ग 0.390625, तो 800 वेळा म्हणजे 312.5. 2.5 चा वर्ग 6.25, तो 200 वेळा म्हणजे 1250. एकूण 1562.5. दहा लाख भागिले 1562.5 बरोबर 640.

म्हणजे 1000 लोकांना फोन केले, पैसे 1000 चे गेले, पण हातात आलेली अचूकता 640 जणांच्या चांगल्या, समतोल नमुन्याइतकी. 1000 च्या साध्या नमुन्यात आकडा 3.1 टक्क्यांनी वर-खाली होऊ शकतो असं आपण धरतो. इथे ते 3.9 टक्के होतं.

हे सूत्रावर विश्वास ठेवून मान्य करायची गरज नाही, दुसऱ्या वाटेने जाऊन ताडून पाहता येतं. बायकांची सरासरी 200 जणींवरून आली, म्हणून तिची अनिश्चितता (आकडेशास्त्रात ‘व्हेरियन्स’) एका माणसाच्या अनिश्चिततेच्या 200 वा भाग. पुरुषांची 800 वा भाग. उत्तरात दोघांचा वाटा अर्धा-अर्धा, आणि व्हेरियन्समध्ये वाटा वर्ग होऊन जातो, म्हणजे पाव-पाव. एक अष्टशतांश आणि एक द्विशतांश यांची बेरीज 0.00625, तिचा पाव भाग 0.0015625. एक भागिले 0.0015625 केलं की पुन्हा 640. दोन वेगळ्या वाटा एकाच घरी आल्या.

सूत्रात वर्ग का आहे हेही यातच दडलंय, आणि खरं तर सगळी गोम त्या वर्गातच आहे. प्रत्येक माणसाच्या उत्तरात थोडा योगायोग असतो. या माणसाऐवजी शेजारचा सापडला असता तर उत्तर वेगळं आलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांची वजनं सारखी असतील तर हजारो छोटे योगायोग एकमेकांना खाऊन टाकतात, कोणाचा वर, कोणाचा खाली. म्हणून तर 1000 माणसांच्या नमुन्यावरून कोट्यवधींचा अंदाज बांधता येतो. पण एकाचं वजन तीस झालं की त्याचा योगायोगही तीस पट मोठा होतो, आणि व्हेरियन्सच्या हिशोबात तीसचा वर्ग, म्हणजे नऊशे पट. त्याला खाऊन टाकायला तेवढाच मोठा विरुद्ध दिशेचा योगायोग समोर लागतो. तो नसतो. बाकीचे सगळे एक-एकचे.

आता इलिनॉयच्या मुलाकडे परत जाऊ आणि फक्त त्याचीच किंमत काढू. समजा पॅनेलमध्ये बरोबर 3000 माणसं आहेत आणि बाकीच्या 2999 जणांची वजनं अगदी सारखी आहेत. प्रत्यक्षात ती सारखी नव्हती, पण आपल्याला एकट्याचा परिणाम वेगळा काढायचा आहे. एकूण वजन 3000, त्यातले 30 या मुलाचे. उरलेले 2970 बाकीच्यांत वाटले की प्रत्येकी 0.99. वर्गांची बेरीज: बाकीच्यांचे मिळून सुमारे 2941, आणि मुलाचे एकट्याचे 900. एकूण 3841. तीन हजारांचा वर्ग नव्वद लाख, त्याला 3841 ने भागा: 2343.

एका माणसाचं वजन तीस केल्याने 3000 चा नमुना 2343 चा झाला. साडेसहाशे लोकांनी दिलेली माहिती एका आकड्याने पुसून टाकली. त्याचं मत ट्रम्पकडे होतं की क्लिंटनकडे, याचा या नुकसानीशी काही संबंध नाही. तो क्लिंटन समर्थक असता तरी चाचणी तेवढीच डळमळीत झाली असती. फक्त बातमी झाली नसती.

संपूर्ण चाचणीत 30 भागिले 3000 म्हणजे एक टक्का वाटा. एकूण आघाडीत दिसलेला तो एक टक्का इथूनच येतो. उपगटात हे आणखी विदारक होतं. अमेरिकी मतदारांत कृष्णवर्णीय साधारण आठात एक. म्हणजे आपल्या 3000 च्या हिशोबात त्यांच्या वाट्याला 360 ते 400 इतकं वजन. त्यात एका मुलाचे 30, म्हणजे गटाच्या उत्तराचा सुमारे आठ टक्के भाग एका तोंडून. अशा वेळी ‘कृष्णवर्णीयांमध्ये ट्रम्प यांचा पाठिंबा वाढला’ हे वाक्य आकड्याने खरं असतं, पण ते गटाबद्दल काही सांगत नाही. त्या आठवड्यात त्या मुलाने लॉग-इन केलं की नाही, एवढंच सांगतं.

एवढं वजन त्याला मिळालं कसं? सर्व्हे फक्त स्त्री-पुरुष एवढंच जुळवत नाहीत. वय, वंश, शिक्षण, उत्पन्न, प्रदेश अशा अनेक बाजूंनी नमुना लोकसंख्येशी जुळवला जातो. त्यासाठी बहुतेक वेळा ‘रेकिंग’ करतात. आधी वयाने जुळवा, त्याने शिक्षण थोडं बिघडतं, म्हणून शिक्षणाने जुळवा, त्याने वय बिघडतं, पुन्हा वयाने, असं सगळं जागेवर बसेपर्यंत. या चाचणीने वयाचे तुकडे फार बारीक पाडले होते, 18 ते 21 वर्षांचे पुरुष हा वेगळा गट होता. शिवाय 2012 मध्ये कोणाला मत दिलं होतं, यावरही जुळवणी होती. पॅनेलमध्ये तरुण मुलगे थोडे, तरुण कृष्णवर्णीय मुलगे त्याहून थोडे. एकच माणूस दोन-तीन दुर्मिळ गटांत एकदम मोडला की प्रत्येक फेरीत त्याचं वजन गुणत जातं. दोन पट, मग तीन पट, मग पुन्हा दोन पट. गुणाकार आहे, बेरीज नव्हे, म्हणून हा आकडा बघताबघता हाताबाहेर जातो. आणि या चाचणीने वजनाला वरून झाकण लावलेलं नव्हतं.

ते झाकण म्हणजे ‘ट्रिमिंग’. एका मर्यादेपलीकडचं वजन कापायचं आणि कापलेलं बाकीच्यांत वाटून टाकायचं. रेकिंगसाठी आर या संगणकभाषेत `anesrake` नावाचं पॅकेज आहे, त्यात सरासरीच्या पाच पट ही मर्यादा आधीच घालून ठेवलेली आहे. प्यू रिसर्च सेंटर आपल्या पॅनेलमध्ये सगळ्यात वरचा एक टक्का आणि सगळ्यात खालचा एक टक्का वजनं कापतं. आपल्या 3000 च्या उदाहरणात मुलाचं वजन 30 वरून 5 वर आणलं तर प्रभावी नमुना 2343 वरून 2984 वर जातो. जवळजवळ सगळं नुकसान भरून निघालं.

फुकट मात्र काही नाही. वजन कापलं म्हणजे तरुण कृष्णवर्णीय पुरुष आता लोकसंख्येत आहेत त्यापेक्षा कमी मोजले जाणार. ते बाकीच्यांपेक्षा वेगळं मत देत असतील तर उत्तर थोडं वाकडं होणार. पण त्यांचं मत आपल्याला खरंच माहीत होतं का? एक-दोन मुलांकडून? माहीत नसलेली गोष्ट तीस पट मोठ्याने सांगण्यापेक्षा थोडं वाकडं उत्तर परवडलं, असं माझं मत आहे. कापण्याच्याही आधी करायची गोष्ट म्हणजे गट मोठे करणं. 18 ते 21 ऐवजी 18 ते 29 केलं असतं तर वजन एवढं फुगलंच नसतं.

निवडणुकीत पुढे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे या चाचणीला ‘ट्रम्प जिंकणार हे यांनीच सांगितलं’ अशी शाबासकी मिळाली. ती मला पटत नाही. चाचणीने देशभरातल्या मतांचा अंदाज दिला होता आणि शेवटच्या दिवशी ट्रम्प तीन टक्क्यांनी पुढे दाखवले होते. प्रत्यक्षात देशभरातल्या मतांत क्लिंटन दोन टक्क्यांनी पुढे होत्या. ट्रम्प जिंकले ते राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांवर. म्हणजे अंदाज पाच टक्क्यांनी चुकला होता. ती सगळी चूक एका मुलाच्या माथी मारता येणार नाही, पॅनेलचे इतरही दोष होते. पण विजेत्याचं नाव बरोबर आलं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

आता एक वेगळा प्रसंग, जिथे वजनं भयंकर विषम असतात आणि तरी तक्रारीला जागा नसते. महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडची स्थिती वेगवेगळी जाणून घ्यायची आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या जवळ, गोव्याची साडेचौदा लाखांच्या वर. लोकसंख्येच्या प्रमाणात 2000 माणसं वाटली तर गोव्याच्या वाट्याला पंचवीस-सव्वीस येतील. तेवढ्यांवरून गोव्याबद्दल काय बोलणार? म्हणून दोन्हीकडे हजार-हजार माणसं घेतली असं समजू. आता गोव्याबद्दल हजारांचं उत्तर आहे, महाराष्ट्राबद्दलही हजारांचं. दोन्ही मिळून एक आकडा काढायचा झाला तर मात्र गोव्याच्या माणसाचं वजन महाराष्ट्राच्या माणसाच्या सत्त्याहत्तराव्या भागाइतकं होईल. सूत्रात घालून पाहिलं तर त्या एकत्रित आकड्यासाठी 2000 चा प्रभावी नमुना 1026 येतो. जवळजवळ निम्मा गेला.

आणि ते ठीक आहे, कारण तो ठरवून केलेला खर्च आहे. गोव्याचे हजार गोव्याचं उत्तर काढायला घेतले होते, ते काम त्यांनी पूर्ण केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या मोठ्या पाहण्या अशाच रचलेल्या असतात. प्रत्येक जिल्ह्याचं उत्तर हवं असतं, म्हणून छोट्या जिल्ह्यांतून लोकसंख्येच्या मानाने जास्त घरं घेतली जातात. एकाच डेटाचे, प्रश्नागणिक वेगवेगळे प्रभावी नमुने असतात, हे इथे लक्षात ठेवायचं. ‘या सर्व्हेचा प्रभावी नमुना अमुक’ असं एकच वाक्य बोलणं अर्धवट आहे. संपूर्ण देशासाठी एक, राज्यासाठी दुसरा, राज्यातल्या पंचविशीच्या आतल्या बायकांसाठी तिसरा.

शिवाय किशचं सूत्र स्वतःही एका गृहीतावर उभं आहे, आणि ते बरेच जण विसरतात. ते असं धरून चालतं की वजनाचा आणि उत्तराचा एकमेकांशी संबंध नाही, आणि प्रत्येक गटात उत्तरांची विविधता सारखीच आहे. आपल्या फोन सर्व्हेत प्रश्न बदलून बघा: ‘घरातला रोजचा स्वयंपाक तुम्ही करता का?’ समजा 95 टक्के बायका आणि 10 टक्के पुरुष ‘हो’ म्हणतात. माणसं तीच, वजनं तीच, म्हणून सूत्र पुन्हा 640 च म्हणणार आणि आकडा 3.9 टक्क्यांनी वर-खाली होऊ शकतो अशी त्रुटीची मर्यादा देणार. पण खरा हिशोब वेगळा आहे. बायका जवळजवळ सगळ्या एकच उत्तर देताहेत, त्यामुळे 200 जणींतही योगायोगाला फारसा वाव नाही. पुरुषांचंही तसंच. प्रत्येक गटाची अनिश्चितता वेगळी काढून जोडली तर मर्यादा दोन टक्क्यांच्याही आत येते. ही अचूकता साध्या नमुन्यात गाठायला 2850 माणसं लागली असती! लिंगावरून उत्तर जवळपास ठरत असेल, तर लिंगाने वजन देणं हा तोट्याचा नव्हे, घसघशीत फायद्याचा व्यवहार आहे.

म्हणून वजनं ठरवताना अनुभवी माणूस दोन प्रश्न विचारतो. हा घटक उत्तराशी जोडलेला आहे का? आणि नमुना त्या घटकात लोकसंख्येपासून खूप लांब आहे का? निवडणुकीच्या चाचणीत शिक्षण उत्तराशी घट्ट जोडलेलं असेल तर त्यावर वजन द्यायलाच हवं, किंमत कितीही पडो. ज्या घटकाचा उत्तराशी संबंध नाही, त्यावर केवळ ‘सगळं जुळलेलं दिसावं’ म्हणून वजन देणं म्हणजे पैसे देऊन काहीच विकत न घेणं. तिथे किशचं नुकसान पूर्णच्या पूर्ण भरावं लागतं.

दुसऱ्या बाजूने सूत्र आशावादीही ठरू शकतं. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत एकाच गावातली वीस-पंचवीस घरं घेतात, आणि एका गावातले लोक एकमेकांसारखे असतात. त्यामुळे माहिती आणखी घटते. वजनांच्या सूत्राला गाव कळत नाही, ती घट वेगळी काढावी लागते. आणि जे लोक फोन उचलतच नाहीत ते उचलणाऱ्यांपेक्षा मुळातच वेगळे असतील, तर ती चूक प्रभावी नमुन्याच्या आकड्यात कुठेच उमटत नाही.

हातात डेटा असेल तर तपासणी एका ओळीची आहे. एक्सेलमध्ये वजनं B2 पासून B1001 पर्यंत असतील तर:

```
=SUM(B2:B1001)^2/SUMSQ(B2:B1001)
```

वजनांची बेरीज 1000 आहे की लोकसंख्येइतकी कोट्यवधींत, याने इथे फरक पडत नाही, वर आणि खाली सारखाच परिणाम होऊन तो कटतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नेमका इथेच घोटाळा होतो. एसपीएसएसच्या साध्या `WEIGHT BY` ला वजन म्हणजे ‘अशी इतकी माणसं’ असं वाटतं. 2.5 वजनाची बाई त्याच्या लेखी अडीच बायका. वजनांची बेरीज 1000 असेल तर ते 1000 चाच नमुना धरून चालतं, 640 चा नाही. आणि बेरीज कोट्यवधींत असेल तर कोट्यवधी माणसांना विचारलंय असं समजून प्रत्येक क्षुल्लक फरकाला ‘लक्षणीय’ ठरवतं. सगळेच निष्कर्ष तीन-तीन ताऱ्यांचे, म्हणजे अतिशय लक्षणीय, दिसू लागले, तर आधी हा कप्पा तपासावा. आरमधलं `survey` पॅकेज किंवा स्टाटातल्या `svy` आज्ञा वजनाचा अर्थ नीट लावतात. सूत्राच्या जोडीला सगळ्यात मोठं वजन भागिले सरासरी वजन, हाही आकडा काढून ठेवावा. इलिनॉयचा मुलगा त्यातच पहिल्या फटक्यात दिसला असता.

हातात डेटा नसेल, फक्त वर्तमानपत्रातली चौकट असेल, तरी थोडं कळतं. चौकटीत ‘नमुना 1000, त्रुटीची मर्यादा ± अमुक टक्के’ असं लिहिलेलं असतं. 98 ला त्या टक्क्यांनी भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा, की प्रभावी नमुना मिळतो. (95 टक्के खात्रीची मर्यादा असेल तर, आणि बहुतेक वेळा तीच असते.) मर्यादा 3.1 दिली असेल तर उत्तर हजाराच्या जवळ येतं. म्हणजे एकतर वजनं दिलीच नाहीत, किंवा दिली पण त्यांची किंमत हिशोबात धरली नाही. आजकाल वजनाशिवाय सर्व्हे क्वचितच होतो, त्यामुळे दुसरीच शक्यता जास्त. मर्यादा 3.9 दिली असेल तर उत्तर 630 च्या आसपास येतं, आणि चाचणी करणाऱ्याने हिशोब केलाय हे दिसतं. 3.9 वाला सर्व्हे 3.1 वाल्यापेक्षा कमी अचूक वाटतो. बऱ्याचदा दोघांची अचूकता सारखीच असते, फक्त एकाने ती खरी छापलेली असते.